मंद न झालेल्या ताऱ्याची रात्र

त्या रात्रीची एकच गोष्ट मनात सलत राहिली, ती म्हणजे लेकीचा आवाज. चिडलेला नाही, रडवेलाही नाही, फक्त झोपेने जड झालेला. "आई, त्याला आज मंद व्हायचंच नाहीये." मी तिला आठवडाभर आधीपासून सांगून ठेवलं होतं की ययाती तारकासमूहात एक तारा आहे, अल्गोल त्याचं नाव, आणि ठरलेल्या वेळी तो आपल्या डोळ्यांदेखत मंद होतो. त्याच्याभोवती दुसरा, अंधुक तारा फिरतो आणि दर दोन दिवस, वीस तास आणि एकोणपन्नास मिनिटांनी तो आपल्या तेजस्वी जोडीदाराच्या पुढून जातो. ताऱ्यांच्या तेजाच्या मापात प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद, आणि एरवी दुसऱ्या प्रतीचा असणारा अल्गोल तेव्हा साडेतिसऱ्या प्रतीच्या जवळ उतरतो. दुर्बीण लागत नाही. रात्री साडेअकराला तो सगळ्यात मंद दिसेल, असं मी तिला अगदी छातीठोकपणे सांगितलं होतं. नऊ वाजता आम्ही गच्चीवर सतरंजी टाकली. अमावास्या नुकतीच होऊन गेली होती, आकाश काळंभोर होतं. शेजारच्या देवयानी समूहातला अलमाक हा तारा मी तिला दाखवला आणि म्हटलं, आत्ता अल्गोल याच्यापेक्षा स्पष्ट कमी दिसायला हवा. ती बराच वेळ मान वळवून दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिली आणि म्हणाली, "सारखेच आहेत."

सारखेच होते. दहाला सारखे, अकराला सारखे, साडेअकराला सारखे. एक वाजता ती माझ्या मांडीवर झोपली होती आणि अल्गोल आपल्या पूर्ण तेजाने डोक्यावर होता.

आधी मी ताऱ्यावरच संशय घेतला. माणूस असं करतो. मग पातळ ढगांवर, मग स्वतःच्या डोळ्यांवर. पण सतरंजीची घडी घालताना पक्कं कळलं होतं की चूक माझ्या कागदावर आहे. अल्गोल चुकत नाही. म्हणजे त्याचा कालावधी वर्षानुवर्षांत काही सेकंदांनी इकडेतिकडे सरकतो, पण एका महिन्याच्या अंदाजात तो रात्रभर चकवत नाही. सकाळी चहा गार होईपर्यंत मी तो कागद पुढ्यात घेऊन बसले. रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या ताऱ्यांचं निरीक्षण करणाऱ्यांसाठी किमान तेजाच्या क्षणांच्या याद्या असतात, त्यातली एक मी उतरवून घेतली होती. त्या यादीत तारखा नसतात. असतात फक्त लांबलचक आकडे, चोवीस लाख साठ हजारांच्या पुढचे, दशांशचिन्हासह. हे ज्युलियन दिन. त्यांची तारीख करायला मी एका रूपांतरकाचा आधार घेतला होता. त्याने विचारलं होतं, कोणतं कॅलेंडर, ग्रेगोरियन की ज्युलियन? माझ्या हातात ज्युलियन दिनाचा आकडा होता. मी ज्युलियन निवडलं. दुसरं काही निवडावं असं मनातही आलं नाही, कारण नाव तर तेच होतं.

उलट मला तेव्हा आपण काळजीपूर्वक काम करतोय असं वाटलं होतं.

इथे जे घडलं ते नीट उलगडायचं तर आधी तो लांबलचक आकडा काय मोजतो हे सांगायला हवं. तो फक्त दिवस मोजतो. महिना नाही, वर्ष नाही, लीप वर्ष नाही. इसवीसनापूर्वी ४७१३ या वर्षाच्या १ जानेवारीला ग्रिनिचच्या रेखावृत्तावर दुपारचे बारा वाजले, तो क्षण शून्य. तिथपासून किती दिवस आणि दिवसाचा कितवा भाग उलटला, एवढंच तो सांगतो. २००० सालच्या १ जानेवारीला दुपारी बाराला हा आकडा २४,५१,५४५ होता. २०२३ च्या २४ फेब्रुवारीला दुपारी तो बरोबर २४,६०,००० झाला. उद्या दुपारी तो आजच्यापेक्षा एकने जास्त असेल, आणि कोणत्याही राजाने, धर्मगुरूने किंवा संसदेने कॅलेंडरात काहीही फेरफार केला तरी एकनेच जास्त असेल. आपल्या सिद्धांतग्रंथांतला अहर्गण याच जातीचा आहे. तिथेही गणिती आधी दिवसांची रास मोजतो आणि मग ग्रहाची जागा काढतो. आरंभ वेगळा, कल्पना तीच.

ज्युलियन कॅलेंडर ही याहून पूर्णपणे वेगळी वस्तू आहे. ते कॅलेंडर आहे, म्हणजे दिवसांना महिना आणि वर्षाची नावं देण्याची पद्धत. ज्युलियस सीझरने ती इसवीसनापूर्वी ४५ पासून रोममध्ये लागू केली. त्याआधी रोमन महिने ऋतूंपासून इतके भरकटले होते की गाडी रुळावर आणण्यासाठी आदलं वर्ष ४४५ दिवसांचं करावं लागलं. नियम साधा, दर चौथं वर्ष ३६६ दिवसांचं. म्हणजे सरासरी वर्ष ३६५.२५ दिवसांचं. ऋतूंचं वर्ष याहून सुमारे अकरा मिनिटांनी लहान आहे. अकरा मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण सव्वाशे-एकशे अठ्ठावीस वर्षांत त्यांचा एक पूर्ण दिवस होतो. सोळाव्या शतकापर्यंत वसंतसंपात दहा दिवस मागे सरकला होता. १५८२ साली पोप तेराव्या ग्रेगरीने दहा दिवस गाळले आणि शतकांच्या वर्षांसाठी नवा नियम आणला. चारशेने भाग जात असेल तरच शतकाचं वर्ष लीप. त्यानंतर १७००, १८०० आणि १९०० ही तीन वर्षं जुन्या पद्धतीत लीप झाली, नव्यात झाली नाहीत. दहा आणि तीन, तेरा. २००० दोन्हीकडे लीप होतं, म्हणून आजही हे अंतर तेराच आहे, आणि २१०० च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत तेराच राहील.

माझी रात्र या तेरात हरवली होती.

मी तोच यादीतला आकडा पुन्हा टाकला आणि या वेळी ग्रेगोरियन निवडलं. तारीख बरोबर तेरा दिवस पुढची आली. वेळ तीच, साडेअकरा. म्हणजे रूपांतरकाने मला खोटं काही सांगितलं नव्हतं. त्या क्षणाची ज्युलियन कॅलेंडरातली तारीख त्याने अचूक दिली होती. ती तारीख मी भिंतीवरच्या कॅलेंडरात शोधली, हा दोष माझा. हे कोणालाही पडताळता येईल. २४,५१,५४५ हा आकडा ग्रेगोरियन पद्धतीत १ जानेवारी २००० देतो आणि ज्युलियन पद्धतीत १९ डिसेंबर १९९९. दोन तारखा, दिवस एकच, आणि त्या दिवसाचा क्रमांकही एकच. हे समोर आलं तेव्हा मला पहिल्यांदा नीट दिसलं की ज्युलियन दिनाला कोणत्याच कॅलेंडराची बाजू नसते. तो दोन कॅलेंडरांच्या मधली बोळकांडी आहे. एका बाजूने तारीख आत घाला, आकडा मिळेल, तो आकडा दुसऱ्या बाजूने बाहेर काढा, दुसऱ्या पद्धतीतली तारीख मिळेल. नावात ज्युलियन आहे म्हणून तो ज्युलियन कॅलेंडराकडे झुकलेला नाही.

मग मला आणखी एक गोष्ट तपासायची होती. तेरा दिवस आधीच्या रात्री अल्गोल नेमका कुठल्या अवस्थेत असेल? तेरा दिवसांना २.८६७३ ने भागलं. उत्तर आलं सुमारे ४.५३. चार पूर्ण फेऱ्या आणि वर जवळजवळ अर्धी. म्हणजे आम्ही दोघी गच्चीवर वाट पाहत होतो तेव्हा तो अंधुक तारा आपल्या कक्षेच्या जवळपास दुसऱ्या टोकाला होता, तेजस्वी ताऱ्याच्या मागच्या बाजूला. तेव्हाही एक ग्रहण लागतं खरं, मंद जोडीदाराचं, पण त्याने एकूण प्रकाशात पडणारा फरक नुसत्या डोळ्यांना कळण्याजोगा नसतो. वाट पाहण्यासाठी याहून वाईट रात्र निवडता आली नसती. तरी मला हे उत्तर आल्यावर बरंच वाटलं. चूक पाच फेऱ्यांची, म्हणजे चौदा दिवस आठ तासांची असती, तर तारा गुपचूप मंद झाला असता, मी खूश झाले असते आणि चुकीची तारीख वहीत कायमची बसली असती.

हा सगळा गोंधळ नावाचा आहे, आणि नाव कुठून आलं हे कळल्यावर राग थोडा निवळतो. १५८३ साली, म्हणजे ग्रेगरीच्या सुधारणेनंतर अवघ्या वर्षभरात, जोसेफ स्कॅलिजर या विद्वानाने प्राचीन घटनांच्या तारखा एका रेषेत आणण्यासाठी एक मोठं कालचक्र मांडलं. त्याच्यापुढची अडचण विलक्षण होती. ग्रीक लोक ऑलिम्पियाड मोजायचे, रोमन लोक वर्षाला कॉन्सलची नावं द्यायचे, इजिप्तचं वर्ष ३६५ दिवसांचं आणि लीपशिवाय, शिवाय प्रत्येक राजाबरोबर गणना पुन्हा एकपासून. या सगळ्यांना पोटात घेईल असं एक माप हवं होतं. त्याने तेव्हा वापरात असलेली तीन चक्रं घेतली. पहिलं २८ वर्षांचं, ज्यात ज्युलियन कॅलेंडरातल्या तारखा पुन्हा त्याच वारांवर येतात. दुसरं १९ वर्षांचं, ज्यात चंद्राच्या कला पुन्हा जवळपास त्याच तारखांना येतात. तिसरं १५ वर्षांचं, रोमन साम्राज्यातल्या करवसुलीचं, कागदपत्रांवर तारीख घालायला वापरलं जाणारं. या तिघांना समान भाजक नाही, म्हणून तिन्ही चक्रं एकत्र पहिल्या वर्षावर यायला २८ गुणिले १९ गुणिले १५, म्हणजे ७,९८० वर्षं लागतात. हे त्याचं ज्युलियन चक्र. वर्ष ज्युलियन, ३६५.२५ दिवसांचं, म्हणून हे नाव. त्याच्या वडिलांचं नाव ज्युलियस सीझर स्कॅलिजर होतं आणि मुलाने वडिलांच्या नावाने चक्राचं बारसं केलं, ही कथा बरीच फिरते. स्कॅलिजरने स्वतः मात्र कारण ज्युलियन वर्ष हेच दिलं आहे.

४७१३ हा आकडा मला कित्येक वर्षं गूढ वाटत आला होता. एवढ्या मागे काय घडलं असेल, असं वाटायचं. काहीच घडलं नव्हतं. तो एका गणिताचं उत्तर आहे, आणि ते गणित कागदावर करण्यात मी त्या सकाळचा उरलेला वेळ घालवला. इसवीसनापूर्वीचं पहिलं वर्ष २८ च्या चक्रात नववं होतं, १९ च्या चक्रात पहिलं, १५ च्या चक्रात तिसरं. आता असा आकडा शोधायचा, ज्याला २८ ने भागून ९ उरतात, १९ ने भागून १ उरतो आणि १५ ने भागून ३ उरतात. ७,९८० च्या आत असा एकच आकडा आहे. अठ्ठावीस गुणिले एकशे अडुसष्ट म्हणजे ४,७०४, वर ९. एकोणीस गुणिले दोनशे अठ्ठेचाळीस म्हणजे ४,७१२, वर १. पंधरा गुणिले तीनशे चौदा म्हणजे ४,७१०, वर ३. तिन्ही वेळा ४,७१३. म्हणजे इसवीसनापूर्वीचं पहिलं वर्ष हे चक्राचं ४७१३ वं वर्ष, आणि मागे मोजत गेलं की चक्राचं पहिलं वर्ष इसवीसनापूर्वी ४७१३ ला पडतं. स्कॅलिजरला माहीत असलेला सगळा लिखित इतिहास त्याच्या पुढे येत होता, ही त्याची सोय. कोणतीही वजा संख्या लिहावी लागत नाही.

इथेच दोन्ही ज्युलियनांचा खरा धागा सापडतो, आणि तो एवढाच आहे. शून्य दिवसाची तारीख १ जानेवारी असं आपण म्हणतो ते ज्युलियन कॅलेंडर मागे ताणून. सीझरचा जन्म व्हायला तेव्हा साडेचार हजारांहून जास्त वर्षं बाकी होती, त्यामुळे त्या दिवशी कोणीही जानेवारी म्हटलेलं नाही. ग्रेगोरियन नियम तसाच मागे ताणला तर तोच दिवस इसवीसनापूर्वी ४७१४ च्या २४ नोव्हेंबरला येतो. काही ठिकाणी एक तारीख छापलेली दिसते, काही ठिकाणी दुसरी, आणि वाचणाऱ्याला वाटतं की कोणीतरी चुकलंय. आणखी एक वळण आहे. इतिहासकार इसवीसनापूर्वीच्या पहिल्या वर्षानंतर थेट इसवीसन १ वर उडी मारतात. खगोलशास्त्रज्ञ मध्ये शून्य वर्ष धरतात, म्हणून त्यांच्या लेखी तेच वर्ष उणे ४७१२ होतं. तिन्ही लिहिणारे बरोबर असतात.

स्कॅलिजर मात्र वर्षं मोजत होता, दिवस नव्हे. त्याच्या आरंभबिंदूपासून खगोलशास्त्रासाठी अखंड दिवस मोजण्याची रीत रुळली ती एकोणिसाव्या शतकात, जॉन हर्शेलने १८४९ च्या आपल्या ग्रंथात ती मांडल्यानंतर. आणि त्याने दिवसाची सुरुवात दुपारी ठेवली. हा भाग मला सगळ्यात आवडतो. टॉलेमीच्या काळापासून आकाश पाहणारे लोक दिवस दुपारपासून मोजत आले होते, कारण त्यांचं काम रात्रीचं. मध्यरात्री तारीख बदलली तर एका रात्रीची वही दोन तारखांत फाटते. साडेअकराची नोंद सोमवारची, साडेबाराची मंगळवारची. दुपारी बदललं तर संध्याकाळपासून पहाटेपर्यंत सगळं एकाच आकड्याखाली राहतं. अर्थात ही सोय ग्रिनिचच्या दुपारची आहे, पृथ्वीच्या विरुद्ध बाजूला असलेल्या निरीक्षकाची रात्र नेमकी मध्येच फुटते. पुढे १९२५ पासून खगोलशास्त्रज्ञांनी नेहमीच्या तारखांसाठी मध्यरात्र स्वीकारली, पण ज्युलियन दिन दुपारीच राहिला, कारण तो अर्ध्या दिवसाने सरकवला असता तर आधीच्या सगळ्या नोंदींशी त्याचं नातं तुटलं असतं.

त्या अर्ध्या दिवसाने मलाही एकदा फसवलं होतं, आता सांगायला हरकत नाही. ज्यांच्याकडून मी रूपविकारी तारे पाहायला शिकले त्या सरांना मी माझी पहिली नोंद दाखवली होती. दशांशचिन्हापुढे .२५ लिहिलं होतं. सर म्हणाले, "सकाळी सहाला कोणता तारा पाहिलास गं?" मी म्हटलं, नाही सर, आपल्या रात्री साडेअकराला पाहिलं, म्हणजे ग्रिनिचच्या संध्याकाळी सहाला. ते म्हणाले, "मग आकडा बरोबर आहे. पण तुझ्या टिपणात तू सकाळ लिहिली आहेस." मी .२५ म्हणजे पाव दिवस, म्हणजे मध्यरात्रीनंतर सहा तास, असं धरून टिपण केलं होतं. २४,५१,५४५.२५ म्हणजे ग्रिनिचची १ जानेवारी २००० ची संध्याकाळ. सकाळ यायला .७५ व्हावं लागतं, आणि तोवर भिंतीवर २ जानेवारी आलेली असते. बारा तासांची चूक अल्गोलसाठी फार मोठी आहे. त्याचं ग्रहण सुरुवातीपासून शेवटपर्यंत दहा तासांच्या आसपास चालतं, म्हणजे किमान क्षणाच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच तास. बारा तास चुकलं की तारा पूर्ण तेजात.

त्याच सरांना मी त्या सकाळी फोन केला. तेरा दिवसांचं ऐकून ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "वार काढून पाहिला नाहीस?" मला ही युक्ती ठाऊक होती आणि मी ती वापरली नव्हती. शून्य दिवस सोमवार होता. मध्ये कितीही कॅलेंडरं बदलली तरी सात दिवसांचा आठवडा कुणी तोडला नाही. १५८२ मध्येसुद्धा गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर शुक्रवार १५ ऑक्टोबर आला, तारीख अकराने उडाली आणि वार एकानेच सरकला. त्या दोन दिवसांचे क्रमांक आहेत २२,९९,१६० आणि २२,९९,१६१. म्हणून आकड्याला सातने भागा आणि बाकी पाहा. शून्य आली तर सोमवार, एक आली तर मंगळवार, सहा आली तर रविवार. मध्यरात्रीनंतरची वेळ असेल तर आधी अर्धा मिळवून पूर्णांक घ्यायचा, एवढीच काळजी. २४,५१,५४५ ला सातने भागून पाच उरतात, शनिवार. १ जानेवारी २००० शनिवार होता. रूपांतरकाने दिलेली १९ डिसेंबर १९९९ ही तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात मात्र रविवार दाखवते. तेराला सातने भाग जात नाही, त्यामुळे वार कधीच जुळणार नाही. अर्ध्या मिनिटाचा हिशेब आणि माझी रात्र वाचली असती.

फोन ठेवता ठेवता सर गुडरिकबद्दल बोलले. यॉर्कमधला अठरा वर्षांचा मुलगा, लहानपणापासून ऐकू न येणारा. १७८२ च्या १२ नोव्हेंबरच्या रात्री त्याने अल्गोल मंद झालेला पाहिला आणि पुढच्या काही महिन्यांत त्याची नियमितता शोधून काढली. अंधुक सोबती पुढून जात असावा ही शक्यताही त्याने मांडली. एकविसाव्या वर्षी तो गेला. त्याच्या शतकभर आधी, १६६७ च्या सुमारास बोलोन्यात माँतानारीनेही अल्गोलचं तेज बदलतं हे टिपलं होतं. त्या काळात बोलोन्यातली तारीख आणि इंग्लंडमधली तारीख यांत दहा दिवसांचं अंतर होतं, कारण इटलीने नवं कॅलेंडर लगेच घेतलं आणि इंग्लंड १७५२ पर्यंत ज्युलियनवर राहिलं. गुडरिकच्या रात्रीचा क्रमांक २३,७२,२३८ येतो. मी वहीच्या कोपऱ्यात वजाबाकी केली. तिथपासून २००० च्या पहिल्या दिवसापर्यंत ७९,३०७ दिवस. एवढ्या काळात अल्गोलने सत्तावीस हजार सहाशेच्या वर फेऱ्या केल्या. आता कालावधीत एका सेकंदाची चूक धरली तर ती प्रत्येक फेरीत साठत जाते आणि शेवटी साडेसात तासांहून जास्त होते. हे सगळं एका साध्या वजाबाकीवर उभं आहे, आणि ती वजाबाकी तारखांनी करायची म्हटली तर प्रत्येक लीप वर्ष, प्रत्येक शतक हाताने तपासावं लागेल.

ज्युलियन हा शब्द आणखी कुठे कुठे शिरलाय हे त्यानंतर मी पाहू लागले. ३६५.२५ दिवसांचं ज्युलियन वर्ष खगोलशास्त्रात अजूनही एकक आहे, प्रकाशवर्षाची व्याख्या त्यावरच आहे, आणि तिथे कॅलेंडराचा काही संबंध नाही. संगणकांच्या आणि मालाच्या नोंदींत वर्षाचा कितवा दिवस, १ ते ३६६, यालाही ज्युलियन तारीख म्हणतात. तो तर तिसराच प्राणी. उपग्रहांचा मागोवा घेणाऱ्यांनी १९५७ मध्ये पुढचे दोन अंक छाटले आणि अर्धा दिवसही वजा केला, म्हणजे संगणकाच्या स्मृतीत आकडा मावेल आणि दिवस मध्यरात्री सुरू होईल. ते सूत्र असं आहे, त्यात JD म्हणजे ज्युलियन दिन आणि MJD म्हणजे छाटलेला आकडा:

```
MJD = JD - 2400000.5
```

याचा शून्य १७ नोव्हेंबर १८५८ च्या मध्यरात्री पडतो. यादीत पाचच अंक दिसले की हे आठवावं. आणि काही याद्यांत आकड्याआधी सूर्यकेंद्री असं लिहिलेलं असतं. पृथ्वी कक्षेत पुढेमागे असल्याने ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत आठ मिनिटांपर्यंत लवकर किंवा उशिरा पोचतो, तो फरक काढून टाकलेला असतो. नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला त्याची फिकीर करायची गरज नाही.

यादीतला तो आकडा मी बदलला नाही, बदलायचा नव्हताच. फक्त तेरा दिवस थांबायचं होतं. त्या फसलेल्या रात्रीपासून तेराव्या रात्री आम्ही पुन्हा गच्चीवर गेलो, त्याच वेळी. पण आकाश ते नव्हतं. तेव्हाची अमावास्या मागे पडून चंद्र जवळजवळ पूर्ण झाला होता आणि गच्चीभर दुधी उजेड होता. तारे रोज चार मिनिटं लवकर येतात, त्यामुळे ययाती त्या रात्रीच्या मानाने जवळपास तासाभराने पश्चिमेकडे सरकलेला. लेक आली, पण मी काही सांगायच्या आतच म्हणाली, "या वेळी तू काहीच सांगू नकोस. मीच बघते." तिने आधी अलमाक शोधला. मग अल्गोल. मग पुन्हा अलमाक. मी मुद्दाम कठड्याकडे पाहत उभी राहिले.

"कमी आहे," ती म्हणाली. थोडा वेळ गेला. "खूप कमी आहे."

साडेदहाला अल्गोल ययातीतल्याच एप्सिलॉन या ताऱ्याच्या आसपास उतरला होता. साडेअकराला एप्सिलॉन आणि डेल्टा हे ययातीतले दोघेही त्याच्यापेक्षा स्पष्ट उजळ होते, त्याच्याहून मंद असा खालचा पायरीचा दगड म्हणून फक्त कापा हा तारा उरला होता. चंद्रप्रकाशात कापा दिसायला वेळ लागला. तिने हाताची ओंजळ करून चंद्र झाकला आणि शोधला. बारानंतर मी आत चल म्हटलं तर ती हलेना. एक वाजता अल्गोल परत एप्सिलॉनकडे चढू लागल्याचं तिला माझ्याआधी कळलं.

वही तिने लिहायला घेतली. डाव्या रकान्यात तारीख लिहिताना थांबली, कारण मध्यरात्र उलटून गेली होती आणि पहिल्या नोंदीची तारीख वेगळी होती. मी तिला उजवा रकाना दाखवला. तिथला पूर्णांक सूर्य मावळण्याआधीच बदलून गेला होता आणि आता उद्यापर्यंत तोच राहणार होता. तिने वरचा आकडा बघून खाली तसाच उतरवला, सात अंक, सावकाश. मग दशांशचिन्ह दिलं आणि विचारलं, "पुढे किती लिहू?"

डोळ्यांनी पाहिलेल्या नोंदीला दोन अंक पुरतात. शंभरावा भाग म्हणजे सव्वाचौदा मिनिटांच्या थोडंसं वर. मी घड्याळ पाहिलं, ग्रिनिचची वेळ काढली, दुपारपासून किती तास झाले ते चोवीसने भागलं आणि तिला दोन अंक सांगितले.